विक्रेता आकडा सांगतो, कारण सांगत नाही

“नव्या घरासाठी आम्ही जुने पण चांगले जेवणाचे टेबल शोधत आहोत. कोथरूडमधील एका निवृत्त काकांकडे सहा खुर्च्यांचे सागवानी टेबल पाहिले. टेबलावर एक-दोन डाग आहेत आणि दोन खुर्च्या थोड्या हलतात, पण एकूण आवडले. त्यांची मागणी ३२,००० रुपयांची होती. निम्म्याने मागावे असे घरचे म्हणाले, म्हणून मी १६,००० सांगितले. त्यावर त्यांचा निरोप आला, ‘२८,५०० ला देईन.’ हा आकडा कसा काढला, असे विचारले तर ‘माझी किंमत हीच’ एवढेच उत्तर मिळाले. त्यांनी मध्यावर, म्हणजे २४,००० वर यायला हवे होते असे मला वाटते. कारण न सांगणारा माणूस काहीतरी लपवत असणार, असे माझ्या पत्नीला वाटते. २८,५०० रास्त आहेत की नाहीत, हे मी कशावरून ठरवू?”
— एक वाचक, पुणे

नमस्कार.

आधी मध्याचा आकडा बाजूला ठेवू. २४,००० हे टेबलाकडे पाहून निघालेले नाहीत; ते त्यांची मागणी आणि तुमची पहिली बोली यांच्यातून निघाले आहेत. तुम्ही १०,००० सांगितले असते तर मध्य २१,००० वर आला असता आणि २२,००० सांगितले असते तर २७,००० वर गेला असता. टेबल मात्र तेच राहिले असते आणि खुर्च्याही तेवढ्याच हलल्या असत्या. जिथे विकणारा मुळातच दुप्पट भाव सांगतो, तिथे निम्म्याने मागण्याची रीत चालते. घरातील एखादीच वस्तू विकणारा माणूस बहुधा तसे करत नाही. तो थोडी घासाघीस गृहीत धरून दोन-चार हजार वर सांगतो आणि तेवढेच खाली येतो. काका ३,५०० रुपये उतरले, ते याच पद्धतीला धरून आहे. तुम्ही जेवढे चढाल तेवढेच त्यांनी उतरावे, असा काही नियम नाही.

आता कारणाकडे येतो. तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत. किंमत अशी का, हा एक प्रश्न आणि वस्तू नेमकी कशी आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्यास काका बांधील नाहीत आणि त्यांनी ते दिले असते तरी तुमच्या फारसे उपयोगाचे ठरले नसते. ‘आम्ही हे ६०,००० ला करून घेतले होते’, ‘मुलगा म्हणतो याच्याखाली देऊ नका’, ‘आणखी एक जण पाहून गेला आहे’, अशीच उत्तरे साधारणपणे येतात. त्यांतल्या एकानेही ते टेबल तुमच्या घरात किती वर्षे टिकेल, हे कळत नाही. उलट कारण पटण्याजोगे असले की आपण आकडा तपासायचा सोडून देतो. म्हणून किमतीबाबतच्या मौनावरून काकांच्या सचोटीविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये, असे मला मनापासून वाटते. निवृत्त माणसाला घरातील वस्तूचा हिशेब अनोळखी व्यक्तीपुढे मांडणे नकोसे वाटू शकते.

दुसरा प्रश्न मात्र सोडून देता येणार नाही. टेबल कोणत्या साली केले, सुताराकडून करून घेतले की दुकानातून आणले, वरची फळी भरीव आहे की प्लायवूडवर सागाचा पातळ थर चिकटवला आहे, खुर्च्या याआधी दुरुस्त केल्या होत्या का, घरात कधी वाळवी लागली होती का, हे तुम्ही विचारल्याचे पत्रात दिसत नाही. ते विचारा. या प्रश्नांनाही उत्तर आले नाही, तर पत्नीच्या शंकेला आधार मिळतो आणि ती शंका आकड्यात उतरवणे योग्य ठरते.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार न करणाऱ्या माणसाकडून वस्तू घेताना तिच्या दर्जाची हमी सहसा गृहीत धरली जात नाही. पारख करण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते. पण कलम १५ असेही सांगते की वर्णनावरून वस्तू विकली असेल, तर ती त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे. म्हणून ‘टेबल आणि खुर्च्या पूर्ण सागवानी आहेत’ हे वाक्य काकांकडून निरोपात लिखित येऊ द्या. कोणी उद्या कोर्टात जाणार आहे म्हणून नव्हे, तर लिहिताना माणूस अधिक नेमके बोलतो म्हणून. ‘खुर्च्या सागवानी, टॉपचे नक्की माहीत नाही’ असे उत्तर आले, तर तेच तुमच्यासाठी सर्वांत मोलाचे असेल.

लाकूड कोणते, यावर तुमचा सगळा हिशेब उभा आहे आणि ती खात्री होण्याआधी २८,५०० वर चर्चा करणे म्हणजे म्हैस पाण्यात असताना तिचे मोल करणे. पुन्हा एकदा टेबल पाहायला जा, दिवसाउजेडी जा आणि टेबलाखाली वाकून पाहा. वरून पॉलिश सगळे झाकते, खालून सहसा कोणी पॉलिश करत नाही. टॉप भरीव असेल तर ते तीन-चार फळ्या जोडून केलेले असते. जोडाच्या रेषा वर आणि खाली एकाच जागी दिसतात आणि फळीच्या टोकाशी गेल्यावर वरच्या पृष्ठभागावरील लाकडाच्या मूळ रेषा टोकाच्या आडव्या कापात उतरताना दिसतात. प्लायवर थर चिकटवलेला असेल तर कडेला चारही बाजूंनी वेगळी पट्टी लावलेली असते, तिच्यावरच्या रेषांचा वरच्या रेषांशी मेळ बसत नाही आणि खालची बाजू वेगळ्याच लाकडाची वाटते. असे टेबल वाईट असते असे नाही, पण ते तासून पुन्हा पुन्हा पॉलिश करता येत नाही, कारण तो थर अगदी पातळ असतो.

सागाच्या आडव्या कापावर वर्षांची वलये साध्या डोळ्यांनी ओळखू येतात आणि पॉलिश नसलेल्या जागी रंग सोनेरी तपकिरी असतो. दुकानांतून मिळणारे अनेक तयार सेट रबरवूडचे असतात, म्हणजे चीक देऊन झालेल्या रबराच्या झाडांचे लाकूड असते. त्याला गडद रंग दिला की ते लांबून सागासारखे वाटते. खुर्चीच्या बैठकीची पुढची कड किंवा हात टेकून टेकून झिजलेली पाठीची वरची पट्टी पाहा; तिथला रंग जाऊन आतून फिकट, पिवळसर पांढरे लाकूड दिसत असेल आणि फळीत बोटांत बोटे अडकवल्यासारखे लहान तुकड्यांचे जोड असतील, तर ते बहुधा सागवान नाही. वजनावरून काही ठरवू नका. दोन्ही लाकडे जवळजवळ सारखीच जड भरतात.

खुर्च्यांसाठी प्रत्येकी दोन मिनिटे द्या. खुर्चीवर बसून मागे रेला आणि दुसऱ्याला बाजूने पाहायला सांगा. बैठकीची बाजूची पट्टी मागच्या पायाला जिथे मिळते तिथे केसासारखी काळी फट उघडते आणि उठल्यावर मिटते, असे दिसले तर सांध्यातला सरस सुटला आहे. असा सांधा उघडून, साफ करून, पुन्हा चिकटवून शिकंज्यात आवळला की खुर्ची पुढे कित्येक वर्षे चालते आणि हे काम स्वस्तात होते. त्याच सांध्यात खिळे ठोकलेले असतील किंवा आतून लोखंडी पट्टी मारलेली असेल, तर आधीच कोणीतरी घाईची दुरुस्ती करून गेला आहे आणि आतली कूस, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारे लाकडाचे टोक, तुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा पायच नवा करावा लागतो. ‘दोन खुर्च्या थोड्या हलतात’ या तुमच्या वाक्याची किंमत हजार रुपये आहे की पाच हजार, हे या एका फटीवरून ठरेल.

टेबलावरचे डागही असेच वेगळे करून पाहावे लागतात. गरम भांड्याचा पांढुरका गोल डाग बहुधा पॉलिशच्या थरातच असतो आणि पॉलिशवाला तो बऱ्याचदा वरच्यावर काढू शकतो. काळा डाग असेल तर पाणी लाकडापर्यंत पोहोचले आहे. टॉप तासून पुन्हा पॉलिश करण्यावाचून गत्यंतर नाही. टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि त्यांच्याखाली मैद्यासारखे ताजे, फिकट पीठ दिसले तर घुण अजून जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, पण बाहेरच्या पांढऱ्या भागाला लागतो आणि तो पांढरा पट्टा खुर्च्यांच्या मागच्या पायांत पुष्कळदा सापडतो. भोकांत जुने पॉलिश भरलेले असेल आणि पीठ नसेल, तर ते जुने दुखणे आहे. शंका राहिलीच, तर खुर्चीखाली काळा कागद एक-दोन दिवस ठेवू द्याल का, असे काकांना विचारायला हरकत नाही.

इतके झाल्यावर हिशेब करता येतो. पुढचे दर मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुम्ही भवानी पेठेतील टिंबर मार्केटमध्ये सागाचा आजचा घनफुटाचा भाव आणि ओळखीच्या सुताराकडून मजुरी विचारून तुमचे आकडे त्यांच्या जागी घाला.

पाच फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक इंच जाड टॉपला सव्वा घनफूट लाकूड लागते. पाय आणि खालची चौकट मिळून साधारण एक घनफूट, आणि सहा खुर्च्यांना मिळून साडेतीन. म्हणजे सगळे मिळून पावणेसहा घनफूट; कापण्यात वाया जाणारे धरले तर सात घनफूट लाकूड आणावे लागेल. घनफुटाला ४,००० रुपये धरले तर लाकडाचे २८,०००, मजुरी १८,०००, पॉलिश ९,००० आणि बैठकांचा फोम व कापड ६,०००, असे मिळून तसाच नवा सेट ६१,००० रुपयांना पडतो. ही तुमची वरची कड.

काकांचा सेट २८,५०० ला घेतला, तर त्यावर दोन खुर्च्यांच्या सांध्यांचे १,२००, टॉपच्या पॉलिशचे ३,५००, सहा बैठकांचे ४,२०० आणि टेम्पो व हमालीचे २,३०० धरा. घरात येऊन नीट वापरायला लागेपर्यंत तो ३९,७०० ला पडेल. नव्यापेक्षा २१,३०० रुपये वाचतात. म्हणजे लाकूड खरोखर सागवानच असेल, तर २८,५०० ही लूट नाही आणि ‘काहीतरी लपवत असणार’ असे म्हणण्याजोगेही त्या आकड्यात काही नाही.

तोच सेट रबरवूडचा निघाला तर मात्र सगळे चित्र पालटते. तशा नव्या सेटला दुकानात, घरपोच, समजा ३०,००० पडत असतील, तर ३९,७०० खर्चून जुना घेण्याला अर्थ नाही. २४,००० ला मिळाला तरी नाही. तुमच्या आणि काकांच्या आकड्यांत सध्या जेवढे अंतर आहे, त्याहून मोठे अंतर या एका ओळखीमुळे पडते. म्हणून मी लाकडाबद्दल एवढे सविस्तर लिहिले.

लाकूड सागवान आहे असे धरून पुढे जाऊ. नव्याशी केलेली तुलना फक्त एवढेच सांगते की व्यवहार तोट्याचा नाही. रास्त भाव कळतो तो तशाच जुन्या सेटवरून. इथे जाहिरातींतील आकडे जसेच्या तसे घेऊ नका, कारण त्या मागण्या असतात, सौदे नव्हेत. काही आठवडे तशीच पडून राहिलेली जाहिरात तो भाव कोणाला पटत नसल्याचे सांगते आणि चार दिवसांत नाहीशी झालेली जाहिरात खऱ्या भावाच्या अधिक जवळ असते. समजा, अशा पाहणीतून तुम्हाला आढळले की चांगल्या स्थितीतील सहा खुर्च्यांचा भरीव सागवानी सेट साधारण ३०,००० ला जातो. मग काकांच्या सेटमधून काय वजा करायचे?

इथे बहुतेक ग्राहक एक चूक करतात. ते टेम्पो, हमाली, बैठका, पॉलिश, सगळेच वजा करतात. पण टेम्पो तर कोणताही जुना सेट घेतला तरी करावाच लागणार आणि वापरलेल्या खुर्च्यांचे कापड बहुतेक ठिकाणी बदलावेच लागते. ३०,००० या भावात ते गृहीतच आहे. ते पुन्हा वजा केले तर एकच खर्च दोनदा मोजला जातो आणि विक्रेत्याला तुमची बोली अन्यायाची वाटते, तीही रास्तपणे. वजा करायचे ते फक्त जे या सेटमध्ये आहे आणि इतर सेटमध्ये नाही तेच: सांध्यांचे १,२०० आणि टॉपचे ३,५००. उरतात २५,३००. डाग पांढरा असला आणि वरच्यावर निघणारा असला, तर पॉलिशची वजावट कमी होऊन हा आकडा २७,००० च्या आसपास जाईल. तेव्हा माझ्या मते २८,५०० हा आकडा अवाजवी नाही, पण रास्त पट्ट्याच्या थोडा वर आहे, आणि तुमचे २४,००० त्या पट्ट्याच्या थोडे खाली आहेत.

ही मर्यादा निरोप पाठवण्याआधी कागदावर लिहा आणि पत्नीलाही दाखवा. डाग काळा असेल तर कमाल २६,०००, पांढरा असेल तर कमाल २७,०००, असे म्हणू. जुने फर्निचर घेणाऱ्या एखाद्या दुकानदाराला अशा सेटचे तो किती देईल, हेही विचारून ठेवा. त्याला दुरुस्ती करून, जागा अडवून, नफा ठेवून पुढे विकायचे असते, म्हणून तो बराच कमी आकडा सांगेल. तो आकडा काकांना ऐकवू नका, त्याने संबंध बिघडतील. तुमचा आकडा त्या आकड्याच्या वर आहे, म्हणजे काकांसाठीही तो चांगला पर्याय आहे, एवढे तुम्हाला कळले म्हणजे पुरे.

काका कारण देत नसले तरी तुम्ही तुमचे कारण द्या, आणि ते दोषांची यादी करून नव्हे, तर हिशेब सांगून. निरोप असा लिहिता येईल:

“नमस्कार काका. टेबल पुन्हा नीट पाहू दिलेत, त्याबद्दल आभारी आहे. लाकूड चांगले आहे आणि आम्हाला ते आवडले आहे. माझी आधीची बोली फार कमी होती, हे आता लक्षात आले. दोन खुर्च्यांचे सांधे आणि टॉपचे पॉलिश यांना मिळून साधारण ४,७०० रुपये खर्च येईल, असे सुताराने सांगितले. ते धरून मी २५,५०० देऊ शकतो. तुमच्या सोयीच्या दिवशी टेम्पो आणि माणसे घेऊन येईन, पैसे जागेवरच देईन. सोसायटीचे गेटपास वगैरे काही लागत असेल तर कळवा.”

यात ‘आधीची बोली कमी होती’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. १६,००० ऐकून काका दुखावले असतील, तर त्यांचे तुटक उत्तर त्याचेच असू शकते आणि ते दुखावलेपण दूर झाल्याशिवाय पुढचा आकडा त्यांच्या कानांपर्यंत पोहोचणार नाही. दुसरे म्हणजे वस्तू हलवण्याची तारीख. घर रिकामे करायचे आहे की घाई नाही, हे ‘का’ न विचारताही कळते. ‘कधीपर्यंत उचलायला हवे?’ एवढे विचारा. महिनाअखेरीची तारीख मिळाली, तर वेळेवर उचलून नेणे त्यांच्यासाठी हजार-पाचशे रुपयांहून अधिक मोलाचे असू शकते.

त्यांनी २७,००० सांगितले आणि डाग पांढराच असेल, तर घेऊन टाका. पाचशे रुपयांसाठी आणखी एक फेरी करू नका. ‘२८,५००, याखाली नाही’ असे पुन्हा आले, तर दोन गोष्टींचा विचार करा. तशा आकाराचे आणि तशा लाकडाचे दुसरे टेबल तुम्हाला येत्या महिन्यात पुण्यात मिळण्याजोगे आहे का? पाहणीत असे तीन-चार सेट दिसले असतील, तर नम्रपणे नाही म्हणा आणि ‘विचार बदलला तर कळवा, माझा आकडा तोच राहील’ असे लिहून ठेवा. पाहणीत एकही सेट दिसला नसेल, भोजनगृहात नेमके पाच फुटांचेच टेबल बसत असेल आणि सांधे खिळ्यांशिवायचे असतील, तर दीड हजार अधिक देणे ही चूक नाही. पण मग ते दीड हजार तुम्ही शोधाचा वेळ वाचवण्यासाठी देत आहात, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या.

काही दिवसांनी काका स्वतःहून तुमच्या आकड्यावर आले, तर पैसे देण्याआधी खुर्च्या पुन्हा एकदा उलट्या करून पाहा. दरम्यान आणखी माणसे येऊन बसून गेलेली असतात आणि दोन हलत्या खुर्च्यांच्या तीन झालेल्या असू शकतात.